पाच हजार दोनशे दहावी ओळ

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे ‘बेरीजराव’ म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. आमची कंपनी पंखे बनवते, छताचे आणि टेबलाचे, आणि विक्रीचे चार विभाग आहेत: उत्तर, पश्चिम, दक्षिण आणि पूर्व. कुठल्या महिन्यात कुठल्या विभागात किती पंखे गेले, याचा तक्ता करणं हे बेरीजरावांचं काम. सव्वीस वर्षं त्यांनी तेच केलं. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. पण कॉम्प्युटरवरही वहीसारखंच. एकेक बिल बघायचं, त्या त्या चौकोनात आकडा घालायचा, खाली बेरीज घ्यायची, ती कॅल्क्युलेटरवर पुन्हा ताडून बघायची. सहा दिवस लागायचे. सातव्या दिवशी तक्ता मोठ्या साहेबांच्या टेबलावर, कडेला पेन्सिलीने एक बारीक टिकली. ती टिकली म्हणजे ‘ताडून पाहिलं’.

मी बिलिंगला, त्यांच्या शेजारच्या टेबलावर. एकोणीस वर्षं. त्यामुळे हे सगळं ऐकीव नाही, डोळ्यांदेखत घडलेलं आहे. आणि मी त्यात होतो, हेही आत्ताच सांगून टाकतो.

छोटे साहेब आले तेव्हाची गोष्ट. हे आमचे नवे उपव्यवस्थापक, वय तिशीच्या आत, बोलणं चटपटीत, बूट नेहमी चकचकीत. जानेवारीत वार्षिक आढाव्याची बैठक असते. चारही विभागप्रमुख येतात, मोठे साहेब मध्ये बसतात. त्या बैठकीत छोटे साहेब उठले, लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला आणि म्हणाले, “आज तुम्हाला एक गंमत दाखवतो. काका, तुमच्या घड्याळात सेकंदकाटा आहे ना? वेळ लावा.”

काका म्हणजे बेरीजराव. ते फायली द्यायला आत आले होते आणि दाराशी उभे होते. त्यांना वाटलं खरंच काही मदत हवी आहे. त्यांनी मनगट वर केलं.

छोट्या साहेबांनी गेल्या वर्षाच्या सगळ्या बिलांची यादी उघडली. एका बिलाला एक ओळ: तारीख, विभाग, डीलर, नग. पाच हजारांवर ओळी. ती सगळी निवडून त्यांनी पिव्होट टेबल घातलं. बाजूला रकान्यांच्या नावांची यादी आली. ‘तारीख’ उचलून ओळींच्या खणात टाकली, ‘विभाग’ स्तंभांच्या खणात, ‘नग’ बेरजेच्या खणात. तारखांवर उजवी कळ दाबून ‘ग्रुप’ म्हटलं, ‘महिने’ निवडलं. आणि पडद्यावर बारा महिने उभे, चार विभाग आडवे, कडेला आणि तळाला बेरजा, असा आख्खा तक्ता हजर झाला.

“किती झालं, काका?”

“तीन मिनिटं वीस सेकंद,” बेरीजराव म्हणाले. त्यांना कळलं होतं, पण तोंडून निघून गेलं.

“आणि तुम्हाला किती लागतात?”

त्यांनी मनगट खाली केलं. छोटे साहेबच म्हणाले, “सहा दिवस! वर्षाचे बहात्तर दिवस. गुणिले सव्वीस वर्षं. काका, तुम्हीच करा हिशेब, तुम्हाला बेरजा आवडतात.”

हशा पिकला. मोठे साहेबही पोट हलवून हसले. मी चहाचे कप मोजत उघड्या दाराबाहेर उभा होतो, मीही हसलो. त्या खोलीत एकच माणूस हसलं नाही, पूर्वेच्या बाई. पूर्व विभागाच्या प्रमुख, चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, कारण त्या गाडीची वाट न बघता स्कूटरवर डीलरांकडे जायच्या. त्या म्हणाल्या, “तीन मिनिटांचं कौतुक आहेच. पण काकांच्या तक्त्यात मला कधी एका नगाची चूक सापडली नाही.”

“मशीन चुकतच नाही, मॅडम,” छोटे साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून महिन्याचा तक्ता बंद झाला. बेरीजरावांकडे काम राहिलं ते असं: विभागांकडून येणाऱ्या याद्या सांभाळायच्या आणि सांगतील तेव्हा चिकटवून द्यायच्या. त्यांना काढलं नाही. काढायला कारण लागतं, ठेवायला लागत नाही. ऑफिसातली पोरं जाता-येता विचारायची, “काका, वेळ काय झाली?” आणि ते खरंच घड्याळ बघून सांगायचे.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, एका मोठ्या शाळेच्या कार्यालयात. प्रवेशाचे, फीचे, हजेरीचे सगळे तक्ते त्या पिव्होटवरच करायच्या. नवऱ्याने कधी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं. बेरीजरावांनी रविवारी सकाळी त्यांच्यासमोर वही-पेन घेऊन बसायला सुरुवात केली. चौपन्नाव्या वर्षी. वहिनी कडक मास्तरीण.

“तारीख दिसते तारखेसारखी, पण कुणी ती मजकूर म्हणून लिहिली असेल तर महिन्यांचा ग्रुप होत नाही,” त्या सांगायच्या. “नगाच्या रकान्यात कुणी आकड्याऐवजी अक्षर घातलं, तर मशीन बेरजेऐवजी नुसत्या ओळी मोजायला बसतं. ‘पूर्व’च्या मागे एक मोकळी जागा राहिली, तर त्याला तो पाचवा विभाग वाटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे यंत्र तुम्ही जेवढं कुंपण घालून दिलंत तेवढंच बघतं. कुंपणाबाहेरचं त्याच्यासाठी जगात नाही.”

“मग रिफ्रेश केल्यावर?”

“रिफ्रेश म्हणजे त्याच कुंपणात पुन्हा डोकावणं. कुंपण वाढत नाही. वाढायला हवं असेल तर आधी यादीचंच टेबल करून घ्यायचं, म्हणजे खाली ओळ आली की ते आपोआप मोठं होतं. नाहीतर हाताने हद्द बदलायची.”

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, शब्दन् शब्द. वर्षभरात ते इतके तयार झाले की शाळेच्या तक्त्यात वहिनींनाच चूक काढून दाखवायचे. ऑफिसात मात्र ब्र काढला नाही.

पुढचा जानेवारी आला. बैठकीच्या दोन दिवस आधी छोट्या साहेबांनी गेल्या वर्षीचीच फाइल पाठवली. “काका, यातले जुने आकडे पुसा, नव्या वर्षाचे चिकटवा. तक्त्याला हात लावू नका. तो मी रिफ्रेश करतो.”

बेरीजरावांनी जुन्या ओळी पुसल्या आणि चारही विभागांच्या याद्या एकाखाली एक चिकटवल्या. क्रम नेहमीचा: उत्तर, पश्चिम, दक्षिण, शेवटी पूर्व. पूर्वेच्या बाई त्यांची यादी डीलरवार पाठवायच्या. जुने डीलर वर, त्या वर्षी जोडलेले नवे खाली. त्या वर्षी त्यांनी नऊ नवे डीलर जोडले होते. नऊ! बाकी तिघांनी मिळून दोन.

छोट्या साहेबांनी रिफ्रेश दाबलं, तक्ता बदलला, त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि ते जेवायला गेले. बेरीजरावांनी सवयीने एक गोष्ट केली. यादीतला नगांचा पूर्ण रकाना निवडला. खालच्या पट्टीवर बेरीज दिसते: एक लाख बहात्तर हजार आठशे चाळीस. तक्त्याच्या कोपऱ्यातली एकूण बेरीज: एक लाख छप्पन्न हजार तीनशे दहा.

त्यांनी मला खूण केली. मी खुर्ची सरकवली.

“हे बघ,” ते म्हणाले. त्यांनी तक्त्याचा डेटा कुठून येतो ते उघडलं. यादीभोवती ठिपक्यांची रेघ फिरू लागली. ते खाली खाली गेले. रेघ पाच हजार दोनशे दहाव्या ओळीशी थांबली होती. गेल्या वर्षीची यादी तिथेच संपत होती. यंदाची यादी मात्र पाच हजार सातशे एकसष्टपर्यंत होती. मधल्या पाचशे एक्कावन्न ओळी कुंपणाबाहेर. सगळ्या पूर्वेच्या. सगळे ते नऊ नवे डीलर.

“सोळा हजार पाचशे तीस पंखे,” बेरीजराव म्हणाले. कॅल्क्युलेटरला हात न लावता.

“अहो, मग सांगा जाऊन!”

ते उठले. खरंच उठले, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. छोटे साहेब जेवून आले तसे हे केबिनच्या दाराशी गेले. मी काचेतून बघत होतो, दार उघडंच होतं.

“साहेब, त्या तक्त्याबद्दल एक विचार आला—”

छोट्या साहेबांनी फोनवरून मान वर न करता हात केला. “काका, चिकटवायचं काम तुमचं. विचार करायचं काम मशीन करतं. वाटणी अगदी सोपी ठेवलीय ना आपण?”

केबिनमध्ये दुसरा कुणीतरी बसला होता, तो खिदळला. बेरीजराव दारातूनच वळले. मग परत येऊन खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. रागावलेला नाही. शांत. वर्षभरात पहिल्यांदा शांत.

“सांगितलं का?” मी विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “बैठक होऊ दे. तक्ता संचालकांपर्यंत जाऊ दे, खाली त्याची सही होऊ दे. मग सांगतो.”

“आणि बाईंचं?”

“त्यांचे आकडे खरे आहेत. खऱ्याला काय होतंय? आठ-पंधरा दिवस त्रास होईल. मग सगळं नीट होईल, उलट त्यांचा मान वाढेल.”

मला ते पटलं. किंवा पटवून घेतलं. माझ्या घरी मुलीच्या लग्नाचं बघत होते, छोट्या साहेबांच्या तोंडी लागायची माझी इच्छा नव्हती. मी खुर्ची परत माझ्या टेबलाशी नेली.

बैठकीत तक्ता पडद्यावर आला. उन्हाळ्याच्या महिन्यांत तिन्ही विभागांचे आकडे चढलेले. पूर्वेचा प्रत्येक महिना आदल्या वर्षापेक्षा थोडा थोडा खाली. वर्षाची बेरीज एकतीस हजार चारशे. आदल्या वर्षी तेहेतीस हजार पन्नास होती.

“हा आकडा माझा नाही,” पूर्वेच्या बाई म्हणाल्या.

“मग कुणाचा, मॅडम?” छोटे साहेब हसले. “थांबा, शंकाच नको.” त्यांनी पूर्वेच्या मे महिन्याच्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं. नवं पान उघडलं, त्यात त्या आकड्यामागची एकेक ओळ. “वाचा. यातलं कुठलं बिल तुमचं नाही?”

बाई उठून पडद्याजवळ गेल्या. बोट फिरवत वाचत गेल्या. बिलं त्यांचीच होती, सगळी खरी होती. शेवटी म्हणाल्या, “आहेत ती माझी आहेत. पण माझे नवे डीलर कुठे आहेत? नऊ आहेत. यात एकही नाही.”

छोट्या साहेबांच्या कपाळावर क्षणभर आठी पडली. ते वळले. बेरीजराव मागच्या भिंतीशी खुर्चीवर होते, यादी चिकटवणारा माणूस म्हणून बोलावलेले. मी त्यांच्या शेजारी, बिलांच्या फायली मांडीवर घेऊन.

“काका, पूर्वेकडून आलेला डेटा पूर्ण चिकटवला होता ना?”

“आला तेवढा सगळा चिकटवला,” बेरीजराव म्हणाले.

प्रत्येक शब्द खरा होता. आणि प्रत्येक शब्दाने बाईंच्या पायाखालची एकेक फरशी निघत होती, कारण खोलीतल्या सगळ्यांनी त्याचा अर्थ एकच घेतला: बाईंनी पाठवलंच नाही. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना अजून वाटत होतं की काका पुढे काहीतरी बोलतील. मोठे साहेब माझ्याकडेही वळले, “बिलिंगला काही दिसतंय का?” मी म्हणालो, “बघावं लागेल, साहेब.” तोंडात मिठाची गुळणी धरून बसणं सोपं असतं, मी तर वर तोंड उघडून गप्प बसलो.

मोठ्या साहेबांना वाद आवडत नाही. ते म्हणाले, “बाई, वर्षभराची विक्री धड पाठवता येत नसेल तर ती केली की नाही हे मी कशावरून मानू? एक तर विक्री नाही, नाहीतर शिस्त नाही. दोन्हींत काय चांगलं, ते तुम्हीच सांगा.”



बाईंनी त्याच संध्याकाळी यादी पुन्हा पाठवली. छोट्या साहेबांनी उलट लिहिलं की बैठकीनंतर आलेल्या नोंदी धरल्या तर उद्या प्रत्येक जण वाढवून पाठवेल. मग बाईंनी बेरीजरावांना फोन केला. फोन आमच्या दोन टेबलांच्या मध्ये असतो, आवाज मलाही येत होता.

“काका, तुम्ही जरा बघाल का? माझी यादी तुमच्याकडेच आली होती ना पूर्ण? मला रात्रभर झोप नाही. दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन मी या गावात आले ती या कामासाठी. तुम्ही एकदा ताडून बघितलंत तर माझा विश्वास बसेल, माझंच चुकलं असलं तरी.”

“बघतो,” बेरीजराव म्हणाले.

“कधी?”

“बघतो, मॅडम.”

त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “अजून फाइल वर गेली नाही.” एवढंच. बाईंचा असा फोन चार वेळा आला. चौथ्या वेळेला त्यांनी मला उचलायला लावला आणि जागेवर नाहीत असं सांगायला लावलं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर पेन्सिलीला टोक काढत बसले होते.

बैठकीनंतर अठराव्या दिवशी छोट्या साहेबांचा अहवाल सहीनिशी संचालकांकडे गेला. एकोणिसाव्या दिवशी बाईंना पत्र गेलं: तुमच्या सेवेची आवश्यकता नाही. विसाव्या दिवशी बेरीजराव इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साक्षीला मला घेऊन गेले.

मोठ्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर त्यांनी फाइल उघडली. हद्द दाखवली. “साहेब, हे कुंपण इथे संपतं. आणि यादी इथे.” मग हद्द बदलली, पाच हजार सातशे एकसष्ट केली. पूर्वेचा रकाना बघता बघता बदलला. एकतीस हजार चारशेचे सत्तेचाळीस हजार नऊशे तीस झाले. चारही विभागांत सगळ्यात जास्त वाढ.

मोठ्या साहेबांनी पुढे झुकून आकडा वाचला.

“तुम्हाला कधी कळलं?”

“काल,” बेरीजराव म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

छोट्या साहेबांना आत बोलावलं. त्यांना दाखवलं. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की बेरीजरावांच्या ओठाच्या कोपऱ्यात मला हसू दिसलं, लहान मुलाचं असतं तसं. वर्षभर ते याच क्षणाची वाट बघत होते. त्यांना वाटलं, आता बाईंना फोन जाईल, आता याला हाकलतील, आता कुणीतरी म्हणेल की सहा दिवस लागायचे ते उगाच नव्हते.

मोठे साहेब म्हणाले, “दार लावा.”

मी दार लावलं.

“अहवाल वर गेलाय. आता मी जाऊन सांगू, की आम्ही चुकीचा तक्ता दिला, त्यावरून चुकीचं माणूस काढलं? पहिला प्रश्न येईल, हे सगळं चालतं कुणाच्या नजरेखाली. माझ्या.” त्यांनी चष्मा पुसला. “झालं ते झालं. बाईंना पत्र गेलंय, त्या शोधून घेतील दुसरं काहीतरी. आणि तू,” ते छोट्या साहेबांना म्हणाले, “मुख्य ऑफिसात नको आता मला. पूर्वेची खुर्ची मोकळी आहे. तिथे जा आणि तोंड दाखवू नकोस.”

मग बेरीजरावांकडे वळले. “काका, चांगलं शोधलंत. यापुढे सगळे तक्ते तुम्ही करा. टेबलाचं बघतो, आत खिडकीपाशी देतो. आणि ही दुरुस्त केलेली फाइल पुसून टाका. गेल्या वर्षाचा आकडा म्हणून वर जो गेलाय तोच राहील.”

“पण साहेब, तो खोटा आहे,” बेरीजराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला.

“वीस दिवस होता ना खोटा? आता जरा जुना झाला. जुना आकडा कुणी ताडून बघत नाही.”

साहेबांना कळलं होतं. ‘काल’वर त्यांनी एक क्षणही विश्वास ठेवला नव्हता, फक्त कधी वापरायचं ते त्यांना ठाऊक होतं. बेरीजरावांनी फाइल पुसली. आमच्या दोघांच्या देखत.

घरी त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं अजूनही कुठेतरी वाटत असावं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे हद्द कमी आहे हे तुम्हाला बैठकीआधी माहीत होतं?”

“होतं.”

“मी तुम्हाला हे शिकवलं,” वहिनी म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. त्यानंतर रविवारी सकाळी त्या शाळेचं काम टेबलावर घेऊन बसायच्या, पण हे जवळ आले की लॅपटॉप मिटायच्या. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वाढायच्या, औषधं काढून ठेवायच्या. फक्त आकड्यांचं एक अक्षर पुन्हा त्यांच्यासमोर बोलल्या नाहीत.

पूर्वेच्या बाई लॅपटॉप आणि ओळखपत्र परत करायला आल्या त्या दिवशी बेरीजराव रजेवर राहिले. वस्तू मी मोजून घेतल्या. बाईंनी विचारलं, “काकांनी बघितलं का हो?” मी म्हणालो, “त्यांची तब्येत बरी नाही.” त्या म्हणाल्या, “काळजी घ्या म्हणावं.”

वर्ष गेलं. पुन्हा जानेवारी. आता तक्ता पडद्यावर दाखवायला बेरीजराव स्वतः उभे होते, हातात माउस. यादीचं त्यांनी टेबल करून घेतलं होतं, हद्द चुकायचा प्रश्नच नव्हता. रिफ्रेश केलं. पूर्व: पन्नास हजार दोनशे. शेजारच्या रकान्यात गेल्या वर्षीचे एकतीस हजार चारशे. वाढ साठ टक्के. खरी वाढ पाच टक्केही नव्हती, बाकी सगळी बाईंनी जोडलेल्या नऊ डीलरांची आयती विक्री होती. पण तक्ता साठ म्हणत होता आणि तक्ता बेरीजरावांचा होता.

मोठे साहेब टाळ्या वाजवत उठले. “याला म्हणतात धडा घेणं!” त्यांनी छोट्या साहेबांच्या पाठीवर थाप मारली. संचालकांपैकी एक जण आले होते, त्यांनी विचारलं, “हा आकडा पक्का ना?” मोठ्या साहेबांनी बेरीजरावांकडे बोट केलं, “आमच्या काकांनी काढलाय. त्यांची चूक आजवर कुणाला सापडलेली नाही.”

“पक्का आहे,” बेरीजराव म्हणाले.

त्या महिन्यात छोटे साहेब व्यवस्थापक होऊन मुख्य ऑफिसात परत आले. बेरीजरावांशी ते आता फार अदबीने वागतात. येता-जाता खांद्यावर हात ठेवतात. हात ठेवला की यांचा खांदा आक्रसतो, मला बाजूने दिसतं.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा एका सकाळी ते मला म्हणाले, “चल माझ्याबरोबर.” कुठे, ते सांगितलं नाही. साडेतीन तासांचा बसचा प्रवास होता. पूर्वेच्या बाई त्यांच्याच नऊ डीलरांपैकी एकाच्या दुकानात काउंटरवर होत्या. छताला आमच्या कंपनीचे पंखे लटकलेले. आम्हाला बघून त्या उठल्या, स्टुलं पुढे केली, पाणी दिलं. केस पांढरे झाले होते.

“काका, किती वर्षांनी! तब्येत कशी आहे?”

बेरीजराव बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगून टाकलं. पाच हजार दोनशे दहावी ओळ, पाचशे एक्कावन्न ओळी, बैठकीच्या दोन दिवस आधी. पाठ केल्यासारखं, न थांबता. शेवटी म्हणाले, “मी खोटं काहीच बोललो नव्हतो, मॅडम. पण मला माफ करा.”

बाई ऐकताना बिलबुकाचा कोपरा दुमडत होत्या. 

“मी दोन वर्षं माझ्या याद्या पुन्हा पुन्हा तपासल्या,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, शेवटचं पान जोडायला मीच विसरले. नवऱ्याला, मुलांना, सगळ्यांना मी तेच सांगितलं. माझी चूक झाली म्हणून.” मग त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही हे मला आज का सांगितलंत? माझ्यासाठी की तुमच्यासाठी?”

बेरीजराव घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करू लागले.

“मग घेऊन जा परत. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी नाही ऐकून घेणार.”

त्या माझ्याकडे वळल्या. इतका वेळ मी शेल्फावरचे पंखे बघतोय असं दाखवत होतो.

“आणि तुम्ही? तुम्हाला कधी कळलं?”

मी म्हणालो, “त्याच दिवशी.”

दुकानात एक गिऱ्हाईक आलं. बाईंनी त्याला विचारलं, “छताचा की टेबलाचा?” आणि त्या शिडी लावून पंखा काढायला वर चढल्या. आम्ही दोघं जरा वेळ तिथेच उभे राहिलो. त्यांनी खाली बघितलं नाही, तेव्हा निघालो.

परतीच्या बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. जागा होती शेजारी. बेरीजराव नंतर निवृत्त झाले. निरोपाचं भाषण छोट्या साहेबांनी केलं आणि चांगलं केलं. आता विभागांचे तक्ते मी करतो.